गावठी कुत्र्याच्या अहवालात चाऊ चाऊ कुठून येतो?

फोंड्याच्या आमच्या शेजाऱ्यांचा मोती तपकिरी, शेपूट वळलेली, कान अर्धवट उभे. मुलाने हौसेने परदेशी कंपनीकडे त्याच्या गालाच्या आतली लाळ पाठवली. अहवाल आला: १३ टक्के चाऊ चाऊ, ९ टक्के जर्मन शेफर्ड, उरलेले किरकोळ. मोतीची आई तिथल्याच बाजारातली, आजीही तिथलीच. मग चाऊ चाऊ आला कुठून?

कुत्र्यांच्या आजच्या बहुतेक जाती फार जुन्या नाहीत. लंडनचा केनेल क्लब १८७३चा. वंशावळीच्या वह्या बंद झाल्या, जातीबाहेरची पैदास थांबली आणि प्रत्येक जातीची डीएनएतली खूण ठळक होत गेली. २००४ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी ८५ जातींचे ४१४ कुत्रे तपासले, तेव्हा ९९ टक्के कुत्र्यांची जात केवळ डीएनएवरून बरोबर ओळखता आली. पुढे तीनच वर्षांत मिश्र कुत्र्यांच्या चाचण्या बाजारात आल्या.

गोम इथेच आहे. चाचणी कुत्र्याच्या डीएनएचे तुकडे कंपनीकडच्या नमुन्यांशी ताडून पाहते आणि सर्वांत जवळचे नाव देते. वडील लॅब्राडोर असतील तर निम्मा लॅब्राडोर ती बिनचूक सांगेल. पणजोबांचा वाटा सरासरी साडेबारा टक्के, पण प्रत्येक पिढीत तुकडे कमीजास्त वाटले जातात, त्यामुळे सख्ख्या भावंडांचे आकडेही वेगळे येतात. गावठी कुत्रा मात्र जातींची भेळ नव्हेच. जाती घडण्याआधीपासून तो इथे आहे. नमुन्यांत गावठी कुत्रेच नसतील, तर यंत्र जवळचा कोणी नातेवाईक शोधते, आणि आशियाई मुळांचा चाऊ चाऊ हाताशी असतो. आता काही कंपन्यांनी गावठी कुत्र्यांचा वेगळा गट ठेवला आहे, म्हणून चाचणी घेण्याआधी तेवढे विचारावे.

१५१० नंतर पोर्तुगीज जहाजांतून कुत्रे उतरलेच असतील, तरी त्यांचा टक्का अहवालात शोधू नये. त्या काळी आजच्या अर्थाच्या जातीच नव्हत्या.

नुसत्या रूपावरून जात ठरवणाऱ्यांचीही फसगत होते. केस लांब, कुरळे की राठ हे मुख्यतः तीनच जनुकांवर ठरते. २००९ सालच्या संशोधनातून हे पुढे आले. मिशा फुटल्या म्हणून टेरियर होत नाही. स्वभावाचे तर विचारूच नका: २०२२च्या मोठ्या अभ्यासात वागणुकीतल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के जातीने उलगडला.

मोतीच्या अहवालात उपयोगाची ओळ शेवटच्या पानावर होती. एमडीआर१ या जनुकातला बिघाड कॉली वर्गात बराच आढळतो. तो असलेल्या कुत्र्याला खरजेवरचे आयव्हरमेक्टिन जास्त मात्रेत दिले तर ते मेंदूपर्यंत पोचते. कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, प्रसंगी दगावतो. ही तपासणी नमुन्यांच्या साठ्यावर अवलंबून नसते, ती थेट ते जनुकच वाचते. मोतीत बिघाड नव्हता. शेजाऱ्यांनी तेवढे पान छापून डॉक्टरांच्या फाईलला लावले, आणि चाऊ चाऊचे पान मुलाने भिंतीवर.