एकाच निबंधाला दोन निकाल का लागतात : मराठी, हिंदी आणि इंग्रजीवर वाढलेले डिटेक्टर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयांच्या निबंध स्पर्धेचं परीक्षण मी केलं. विषय होता कापसावरची गुलाबी बोंडअळी. निबंध वर्डच्या फाइलीत मागवले होते, आणि आयोजकांनी ते माझ्याकडे येण्याआधी, मजकूर माणसाचा की यंत्राचा हे सांगणाऱ्या एका डिटेक्टरमधून काढले होते. एका मुलीच्या निबंधावर ‘यंत्रलिखित’ असा शेरा होता. तिनं तो मोबाइलवर स्वतः टाइप केला होता. दुसऱ्या गावच्या मुलाचा निबंध तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप होऊन आला होता, त्यावर शेरा होता ‘मानवी’. मुलीचा निबंध मी दोनदा वाचला. त्यात तिच्या वडिलांनी फरदड का ठेवली, मार्चपर्यंत पऱ्हाटी वावरात उभी राहिल्यानं अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर कसं मिळालं, हे सगळं क्रमानं होतं. मग मी तिचाच निबंध दुकानदाराकडून कृतिदेवमध्ये बदलून घेतला आणि पुन्हा तपासायला दिला. निकाल आला ‘मानवी’. शब्द तेच, लिहिणारी तीच. हे असं का होतं, त्याची मुळं 2019 सालात आहेत.

त्या वर्षी ओपनएआय कंपनीनं जीपीटी-2 हे मजकूर लिहिणारं मॉडेल आणलं. ते इंटरनेटवरच्या सुमारे 40 गिगाबाइट मजकुरावर शिकलं होतं, आणि त्यातून इंग्रजी नसलेली पानं मुद्दाम वगळलेली होती. त्याच वर्षी हार्वर्ड आणि एमआयटी-आयबीएमच्या संशोधकांनी जीएलटीआर नावाचं साधन केलं. त्याची कल्पना साधी होती. मॉडेलला पुढचा शब्द ओळखायला सांगायचा. खरा शब्द त्याच्या पहिल्या 10 अंदाजांत असेल तर हिरवा रंग, 100 मध्ये असेल तर पिवळा, त्यापलीकडे लाल आणि जांभळा. यंत्र स्वतः लिहितं तेव्हा संभाव्य शब्दच निवडतं, म्हणून त्याचं पान हिरवंगार दिसतं. माणसाच्या पानावर लाल-जांभळे ठिपके पडतात. जानेवारी 2023 मध्ये आलेल्या जीपीटीझिरोनं हाच विचार आकड्यांत मांडला. मजकूर मॉडेलला सरासरी किती अनपेक्षित वाटला, ती पर्प्लेक्सिटी; ती ठरलेल्या सीमेखाली गेली की यंत्राचा संशय. आणि ही अनपेक्षितता वाक्यागणिक किती चढते-उतरते, ते दुसरं माप.

दोन्ही मापं ‘मॉडेलला ही भाषा येते’ या गृहीतकावर उभी आहेत. मराठीत ते गृहीतकच कोसळतं.

संगणक देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 पद्धतीनं तीन बाइटांत साठवतो. ‘शेती’ या शब्दात चार चिन्हं आहेत, श, मात्रा, त आणि दीर्घ वेलांटी. त्यांचे बाइट असे:

```
श  E0 A4 B6
े  E0 A5 87
त  E0 A4 A4
ी  E0 A5 80
```

पहिला बाइट नेहमी E0. दुसरा A4 किंवा A5 यांपैकीच एक. खरी माहिती काय ती शेवटच्या बाइटात. जीपीटी-2 इंग्रजी शब्द अख्खे किंवा मोठ्या तुकड्यांत वाचतं, पण देवनागरी त्याला अशा बाइटांच्या चुऱ्यातच दिसते. बहुतेक वेळा पहिले दोन बाइट मिळून एक तुकडा, तिसरा बाइट दुसरा तुकडा. पहिला तुकडा त्याला जवळजवळ खात्रीनं ओळखता येतो, कारण मराठी मजकुरात त्या जागी या दोन जोड्यांखेरीज सहसा काही येत नाही.

आता हिशेब करू. समजा दुसऱ्या तुकड्यासाठी मॉडेल पूर्ण गोंधळलेलं आहे आणि त्याला 25 पर्याय सारखेच वाटतात. पहिल्या तुकड्यावर मात्र, हिशेब सोपा ठेवायला, एकच पर्याय धरू. पर्प्लेक्सिटी ही गुणोत्तरी सरासरी असते, म्हणून 1 आणि 25 यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं : 5. इंग्रजीवर बेतलेली सीमा समजा 20 ठेवली असेल, तर 5 हा आकडा तिच्या खूप खाली जातो आणि शेरा पडतो ‘यंत्रलिखित’. मॉडेलला शब्द कळला म्हणून आकडा खाली आलेला नाही. लिपीची साठवण ठरावीक साच्याची आहे, एवढंच ते मोजलं गेलं.

कृतिदेवमध्ये हेच उलटं होतं. तो जुन्या पद्धतीचा फॉन्ट आहे. पडद्यावर ‘शेती’ दिसते, पण फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी कळफलकावरची चिन्हं असतात :

```
'ksrh
```

फाइल तशीच अपलोड केली की डिटेक्टरला हेच मिळतं. असा शब्द इंग्रजीत कुठेच नाही, म्हणून अनपेक्षितता वर उडते आणि मजकूर ‘मानवी’ ठरतो. झेरॉक्सवाल्याचा फॉन्ट निकाल ठरवतो. यंत्राकडून लिहवून घेऊन कृतिदेवमध्ये बदललेला निबंधही याच वाटेनं सुटेल.

दुसऱ्या मापाचीही तीच गत, आणि इथे मराठी व हिंदी एकमेकींपासून वेगळ्या पडतात. वाक्यं तोडणारा इंग्रजी प्रोग्राम टिंब शोधतो. गोंदियाकडच्या हिंदी माध्यमाच्या शाळेतला मुलगा वाक्याच्या शेवटी दंड देतो, ‘।’. प्रोग्रामला दंड ओळखता येत नसेल तर अख्खा परिच्छेद एकच वाक्य होतो, चढउतार मोजायला काही उरत नाही, आणि सपाट मजकूर म्हणजे यंत्र. मराठीत आपण टिंब देतो, पण ‘डॉ.’, ‘ता. दारव्हा’, ‘जि. यवतमाळ’, ‘रु.’ इथेही देतो. अशा प्रत्येक ठिकाणी खोटं वाक्य तुटतं, एकाक्षरी वाक्यं तयार होतात आणि चढउतार फुगतो. पत्ता लिहिला की माणूस, असं काहीसं.

2019 चाच दुसरा मार्ग होता वर्गीकरणाचा. माणसाचे आणि जीपीटी-2 चे नमुने दाखवून रोबर्टा हे मॉडेल शिकवलं गेलं. दोन्ही बाजूंचे नमुने इंग्रजी. अशा मॉडेलला ‘मला सांगता येत नाही’ हे उत्तरच नसतं. दोन शक्यतांची बेरीज 1 करावीच लागते, म्हणून कधी न पाहिलेल्या लिपीवरही ते ठामपणे आकडा देतं. ओपनएआयनं जानेवारी 2023 मध्ये आणलेल्या वर्गीकरण-साधनासोबतच सांगितलं होतं की ते फक्त इंग्रजीसाठी वापरा, इतर भाषांत ते बरंच कमी पडतं. इंग्रजीतही ते यंत्राचे केवळ 26 टक्के मजकूर पकडत होतं आणि माणसाच्या 9 टक्के मजकुरांवर चुकीचा ठपका ठेवत होतं. त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी म्हणून ते बंद झालं.

नव्या मॉडेलांना देवनागरी येते. जीपीटी-4ओ आलं तेव्हा ओपनएआयनं दिलेल्या नमुन्यात एका मराठी मजकुराचे तुकडे 96 वरून 33 वर आले होते. पण तुकडे बदलले की जुनी सीमाही निकामी होते; ती मराठीवर नव्यानं बसवायला माणसांनी लिहिलेले मराठी नमुने हवेत, आणि तेही सगळ्या भागांतले.

इथे मला आमच्या मुलांची काळजी वाटते. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी परकी असलेल्या विद्यार्थ्यांचे, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले 91 निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी 61 टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकी आठवीच्या मुलांचे निबंध जवळजवळ सगळे सुटले. शिकून घेतलेल्या भाषेत माणूस मोजके, खात्रीचे शब्द वापरतो, म्हणून असं झालं. घरी वऱ्हाडी, कोरकू किंवा गोंडी बोलणारं मूल प्रमाण मराठी असंच लिहितं. ‘अनन्यसाधारण महत्त्व आहे’ हे वाक्य त्याला गाइडातून मिळालेलं असतं, आणि मराठी येणाऱ्या मॉडेललाही ते ओळखीचं असतं. माझ्या मते मराठी शिकलेला डिटेक्टर याच मुलांवर जास्त चुकेल.

त्या मुलीला मी बोलावून विचारलं, ‘‘फरदड कापून टाकली असती तर?’’ ती म्हणाली, ‘‘सर, बाबा म्हणत होते का अजून दोन येचण्या निघतील. भाव चांगला होता ना तवा.’’ निबंधात भावाबद्दल एक ओळही नव्हती. ती घालून आण म्हटलं, आणि शेरा मी खोडला.