पट्टेरी मांजरीतला केशरी ठिपका

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या फोटोत ओसरीवर साठवलेल्या कापसाच्या ढिगावर एक पट्टेरी मांजर बसलेली होती आणि तिच्या कुशीवर, नाकाभोवती तांबूस झाक दिसत होती. ती साधी पट्टेरी आहे की तिच्या अंगात केशरी रंगाचे जनुकही आहे, असा प्रश्न होता. अशा वेळी आधी मांजरीकडे नव्हे, तर कापसाकडे पाहावे. फोटोतला कापूसच पिवळसर दिसत होता, म्हणजे झाक बरीचशी सांजेच्या उन्हाची होती.

मग सकाळी सावलीत, फ्लॅश न वापरता, दोन्ही कुशींचे, शेपटीचे आणि पंजांच्या तळव्यांचे फोटो मागवले. पट्ट्यांमधली जागा तांबूस असणे हा पुरावा नव्हे, कारण साध्या पट्टेरी मांजरीतही तिथल्या प्रत्येक केसावर काळ्या आणि पिवळसर रंगाचे आडवे टप्पे असतात आणि काहींमध्ये हा पिवळसरपणा चांगलाच गडद असतो. पाहायचा तो खुद्द पट्ट्याचा रंग. नव्या फोटोत कूस करडी निघाली, पण डाव्या मांडीवर तळहाताएवढ्या भागात पट्टेच गडद केशरी होते आणि त्याच्या कडेला तेच पट्टे एकाएकी काळे झाले होते. एका तळव्याची गादी अर्धी गुलाबी, अर्धी काळी होती. अर्थात पांढरे पंजे असलेल्या मांजरीतही असे दिसते, म्हणून गादीचा पुरावा दुय्यमच धरावा.

यामागचे कारण असे की, केशरी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मादीत दोन एक्स असतात, पण गर्भावस्थेतच प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक निष्क्रिय होतो, हे ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडले. ज्या पेशींच्या वंशात केशरीचा एक्स चालू राहिला तिथे केशरी ठिगळ उमटते, उरलेल्या भागात काळे. बोक्याकडे एकच एक्स असल्याने असा दुरंगी बोका क्वचितच सापडतो, आणि सापडलाच तर त्याच्यात बहुधा एक्स जादा असतो व तो सहसा नापीक असतो. ही मांजर मादीच, असे फोटोवरून जवळपास खात्रीने सांगता आले ते यामुळेच.

फोटो जिथे थांबतो ती जागा वेगळी आहे. सयामी मांजरांसारखे कान, तोंड, पाय आणि शेपटी तेवढी गडद करणारे जनुक अप्रभावी असते. त्याची एकच प्रत असेल, तर अंगावर खूण दिसत नाही. तेव्हा ते तिच्यात नाही, असे चित्र पाहून म्हणता येत नाही. त्याला डीएनए तपासणीच लागते.

पुढे तिच्या पिल्लांत एक पूर्ण केशरी मादी निघाली. तिचे दोन्ही एक्स केशरी असणार, म्हणजे तिचा बाप केशरी बोकाच. शेजारचा काळा बोका तिच्यापुरता बाद झाला. मात्र एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे उरलेल्या पिल्लांविषयी त्याला अजून बाद ठरवता येत नाही.