अप्पम आणि भाज्यांचा इष्टू

केरळातील न्याहारीचा पदार्थ. सीरियन ख्रिस्ती घरांत नाताळ व ईस्टरच्या सकाळी तो हमखास असतो. ‘इष्टू’ हे इंग्रजी ‘स्ट्यू’चेच मल्याळी रूप. नाव सारखे वाटले तरी अप्पम म्हणजे आपले अप्पे नव्हेत. कडेला जाळीदार आणि मध्ये फुगीर, मऊ असे ते तांदळाचे घावन असते.

भिजवलेले तांदूळ, ओले खोबरे व मूठभर भात एकत्र वाटून पीठ रात्रभर आंबवतात. पूर्वी त्यासाठी ताडी घालत, आता बहुधा यीस्ट वापरतात. अप्पच्चट्टी या लहान खोलगट कढईत डावभर पीठ ओतून कढई एकदाच गोल फिरवायची, झाकण ठेवायचे आणि अप्पम न उलटता काढायचे. पीठ कडेला न चिकटता सगळे तळाशी घसरले, तर बहुतेक वेळा ते पातळ झालेले असते किंवा कढई पुरेशी तापलेली नसते.

इष्टूसाठी नारळाचे दूध दोनदा काढतात. बटाटा, गाजर, फरसबी, मटार व कांदा हे आले, हिरवी मिरची आणि खड्या मसाल्यासह दुसऱ्या, पातळ दुधात शिजवतात. पहिले, जाड दूध शेवटी घालून आच लगेच बंद करतात. ते खळखळून उकळले की दुधातली प्रथिने आकसतात, तेल सुटते आणि रस्सा कणीदार दिसतो. चव फारशी बिघडत नाही, रूप मात्र जाते.

माणशी पोषणमूल्यांचा हिशेब खरा अडतो तो या दुधापाशीच. चौघांसाठी 240 ग्रॅम तांदूळ, 60 ग्रॅम खोबरे व चमचाभर साखर यांची बारा अप्पमे होतात. पिठातला भात याच तांदळातला. इष्टूत 250 ग्रॅम बटाटे, इतर चार भाज्या प्रत्येकी 100 ग्रॅम, मोठा चमचा खोबरेल आणि 200 ग्रॅम खोवलेल्या खोबऱ्याचे दूध. तीन अप्पमांचे सुमारे 280 किलोकॅलरी, वाटीभर इष्टूचे 240. म्हणजे माणशी साधारण 520 किलोकॅलरी, 75 ग्रॅम कर्बोदके, 20 ग्रॅम स्निग्धांश आणि जेमतेम 10 ग्रॅम प्रथिने.

यात खोबऱ्यातला दोन-तृतीयांश स्निग्धांश दुधात उतरला, असे धरले आहे. बाकीचा चोथ्यात राहतो. पाककृतीत लिहिलेले सगळे खोबरे जसेच्या तसे मोजले, तर टाकून दिलेला चोथाही खाल्ल्यासारखा होतो आणि माणशी सहाएक ग्रॅम स्निग्धांश उगाच वाढतो. उलट, हाताने पिळण्याऐवजी डब्यातले 400 मिलिलिटर जाड दूध घातले, तर जवळपास तेवढीच वाढ खरोखर होते. त्यामुळे डबा वापरताना त्याच्यावरचाच आकडा घ्यावा. यीस्टने खाल्लेली साखर मात्र हिशेबात धरण्याइतकी नसते.