निकष आधी, रेझ्युमे नंतर: पत्रामागची पार्श्वभूमी

सर्व लाइन मॅनेजरना पाठवलेल्या पत्रात एक अट घातली आहे. एखाद्या पदासाठी निवडीचे निकष, प्रत्येक निकषाचे वेटेज आणि कोणत्या पात्रतेला किती गुण द्यायचे हे लिहून एचआरकडे जमा होईपर्यंत त्या पदाचे रेझ्युमे कोणीही उघडायचे नाहीत. या अटीत काहींना आपल्या निर्णयशक्तीबद्दल अविश्वास दिसेल, म्हणून ती कोठून आली हे येथे सविस्तर मांडत आहे.

या प्रश्नाची पहिली ठळक नोंद 1920 सालची आहे. अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांवर दिलेले शेरे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी तपासले, तेव्हा हे आकडे एकमेकांशी खरे वाटणार नाही इतके जुळत होते. माणसाबद्दल एकदा एकंदर मत बनले की ते प्रत्येक रकान्यात उतरते, असा त्याचा अर्थ होता. यावर 1950 च्या दशकात डॅनियल कानेमन यांनी इस्रायली सैन्याच्या मुलाखतींसाठी उपाय योजला: सहा गुण आधीच ठरवायचे, एका गुणाबद्दलचे प्रश्न संपवून लगेच त्याचे मार्क द्यायचे आणि मगच पुढच्या गुणाकडे वळायचे.

या उपायाने गुण देण्यातला गोंधळ कमी होतो, पण कोणत्या निकषाला किती महत्त्व द्यायचे हा प्रश्न उरतोच. आपल्या पत्राचा रोख नेमका त्यावर आहे. 2004 मध्ये मायकेल नॉर्टन, जोसेफ वँडेलो आणि जॉन डार्ली यांनी एका प्रयोगात पुरुषांना बांधकाम कंपनीतल्या पदासाठी दोन उमेदवारांतून एकाची निवड करायला सांगितले. एका उमेदवाराचे शिक्षण जास्त होते, तर दुसऱ्याचा अनुभव. उमेदवार स्त्री की पुरुष हे कळत नव्हते तेव्हा बहुतेकांनी जास्त शिकलेल्या उमेदवाराला निवडले. पण जास्त शिकलेली उमेदवार स्त्री आहे असे दाखवल्यावर तिला मिळणारी पसंती घटली आणि अनुभवाचे महत्त्व वाढले. ही निवड स्त्री-पुरुष भेदावरून केली असे जवळजवळ कोणी म्हटले नाही.

पुढच्याच वर्षी एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांनी पोलीसप्रमुखाच्या पदावर असाच प्रयोग केला. पुरुष उमेदवाराकडे शिक्षण असले की शिक्षण हा महत्त्वाचा निकष ठरे आणि नसले की त्याचे महत्त्व घटे. स्वतःला अधिक वस्तुनिष्ठ समजणाऱ्यांत हा कल जास्त आढळला. मात्र उमेदवार पाहण्यापूर्वीच ज्यांच्याकडून निकषांचे महत्त्व ठरवून घेतले होते, त्यांच्या निवडीत हा भेद उरला नाही. आपल्या अटीचा थेट आधार हाच निष्कर्ष आहे.

हे कागदावर कसे घडते ते एका काल्पनिक शिफ्ट सुपरवायझरच्या पदावर पाहता येईल. पहिल्या उमेदवाराला पाचपैकी अनुभवाचे 5, शिक्षणाचे 2 आणि नियोजनाचे 4 गुण आहेत. दुसऱ्याला अनुक्रमे 3, 5 आणि 4. वेटेज 50, 20 आणि 30 टक्के धरले तर पहिल्याला 4.1 आणि दुसऱ्याला 3.7 मिळतात. अनुभव आणि शिक्षण यांच्या वेटेजची फक्त अदलाबदल केली की पहिला 3.2 वर येतो आणि दुसरा 4.3 वर जातो. एकाही उमेदवाराचा एकही गुण बदललेला नाही, आणि दोन्ही तक्ते तितकेच सुसंगत दिसतात. म्हणून वेटेज रेझ्युमे वाचल्यानंतर ठरले असेल, तर नुसता तक्ता पाहून निवड तपासता येत नाही. वेटेजच्या नोंदीची तारीख आणि पहिला रेझ्युमे उघडल्याची तारीख शेजारी ठेवूनच काही कळते.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. चुकीचा निकष आधी ठरवला म्हणून बरोबर होत नाही. ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात 1971 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली शालान्त प्रमाणपत्राची आणि चाचण्यांची अट सर्वांना सारखीच लागू होती. पण त्या कामाशी तिचा संबंध दाखवता आला नाही, आणि तिच्यामुळे कृष्णवर्णीय कर्मचारी मोठ्या प्रमाणात वगळले जात होते, म्हणून ती बेकायदा ठरली. यासाठीच एचआरकडे जमा करायच्या निकषांच्या फॉर्ममध्ये प्रत्येक निकषापुढे तो पदाच्या कोणत्या कामासाठी लागतो हे लिहायचे आहे, आणि माझ्या मते फॉर्मचा सर्वांत कठीण रकाना तोच आहे. “टीममध्ये मिसळेल असा” यासारख्या निकषापुढे तेथे काही ठोस लिहिता येत नसेल, तर तो काढून टाकावा.

रेझ्युमे वाचताना एखादा आवश्यक निकष राहून गेल्याचे खरोखरच लक्षात येऊ शकते. अशा वेळी तो कारणासह लिहून एचआरकडे द्यावा, मंजूर झाल्यावर आधी वाचलेल्यांसह सर्व रेझ्युमेंना नव्याने गुण द्यावेत, आणि जुना तक्ता नष्ट न करता नव्यासोबत जोडावा.