घरातले घड्याळ निघून जाते तेव्हा

घटस्फोटानंतर किंवा विभक्त झाल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त काय छळते, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘आठवणी’ असे येते. मात्र त्या माणसाच्या दिवसाकडे नीट पाहिले, तर आठवणींच्या जोडीला आणखी एक गोष्ट बिघडलेली दिसते, आणि ती म्हणजे वेळ. जेवण कधी दुपारी तीनला होते तर कधी होतच नाही, रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही, आणि सकाळी उठण्याची वेळ रोज वेगळी असते. बाहेरून हा आळस वाटतो, आणि स्वतःलाही तसाच वाटू लागतो. प्रत्यक्षात त्यामागे शरीराचे एक साधे कारण आहे.

आपल्या शरीरातील घड्याळ रोज बाहेरच्या खुणांवरून जुळवले जाते. सूर्यप्रकाश ही त्यांतील सर्वांत मोठी खूण असली, तरी माणसेही हेच काम करतात. कुणीतरी आधी उठून दिवा लावते, कुणीतरी ‘जेवायला चल’ म्हणते, आणि शेजारी कुणी झोपले की आपणही हातातले काम बाजूला ठेवतो. सिंडी एलर्स, एलन फ्रँक आणि डेव्हिड कुप्फर या संशोधकांनी १९८८ मध्ये असे मांडले की, आयुष्यातील मोठ्या नुकसानीनंतर या सामाजिक खुणा नाहीशा होतात, दिनक्रम विस्कटतो, त्यामागोमाग झोपेची लय बिघडते, आणि ज्यांची प्रकृती नाजूक असते त्यांना नैराश्य गाठू शकते. या दृष्टीने पाहिले, तर जोडीदाराबरोबर घरातले एक घड्याळही निघून गेलेले असते. ज्यांनी वेगळे होण्याचा निर्णय स्वतः घेतला आणि ज्यांना त्याचा पश्चात्तापही नाही, त्यांचीही झोप का उडते, हे यावरून उमगते.

हे ठाऊक नसेल, तर माणूस सगळा भर मनावर देतो. काय चुकले, कुठे चुकले, आपण वेळीच का ओळखले नाही, हे उकलले की बरे वाटेल, असे त्याला वाटते. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील डेव्हिड स्बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ मधील एक प्रयोग मला येथे फार मोलाचा वाटतो. नुकत्याच विभक्त झालेल्या ९० जणांचे त्यांनी तीन गट केले आणि प्रत्येकाला तीन दिवस, रोज वीस मिनिटे लिहायला सांगितले. एका गटाने मनातील खोल भावना लिहिल्या, दुसऱ्याने आपल्या विभक्त होण्याची सुसंगत गोष्ट लिहिली, आणि तिसऱ्याने भावनांना हात न लावता केवळ आपला वेळ कसा जातो ते लिहिले. काही महिन्यांनी पाहिले, तेव्हा तिसऱ्या गटाची मनःस्थिती अधिक सावरलेली होती. त्यातही, जी माणसे स्वभावतः एकाच विचाराभोवती घुटमळत राहतात, त्यांना या रुक्ष वाटणाऱ्या लेखनाचा विशेष उपयोग झाला. याचा अर्थ भावना लिहिणे सर्वांनाच अपायकारक ठरते, असा मुळीच नाही. याच संशोधकांच्या नंतरच्या एका अभ्यासात गोष्टीच्या रूपाने लिहिणाऱ्यांच्या हृदयाची गती काहीशी मंदावलेली आढळली. मात्र लिहून झाल्यावर मन हलके न होता तोच प्रश्न नव्या शब्दांत पुन्हा उभा राहत असेल, तर त्या वहीत आता निराळे काही लिहिण्याची वेळ आली आहे, असे समजावे.

निराळे म्हणजे काय लिहावे? दिनक्रमाची नियमितता मोजण्यासाठी संशोधक एक तक्ता वापरतात, आणि त्याच्या आटोपशीर रूपात केवळ पाच नोंदी असतात: अंथरुणातून उठणे, दिवसातील पहिला मानवी संपर्क, काम सुरू करणे, रात्रीचे जेवण आणि झोपायला जाणे. प्रत्येकीपुढे ठरवलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ लिहायची. ठरवलेल्या वेळेच्या पाऊण तास अलीकडे-पलीकडे झाले तरी ते वेळेवर झाले, असे धरतात. ही सवलत महत्त्वाची आहे, कारण या काळात मिनिटांचा काटेकोरपणा फार काळ टिकत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चौदा वर्षांच्या संसारानंतर विभक्त झालेली एक बेचाळीस वर्षांची बाई, सोबत शाळकरी मुलगी. पाचही नोंदी एकदम सुधारण्याच्या फंदात न पडता तिने फक्त उठण्याची वेळ सातची ठरवली. आधी उठण्याची वेळ धरणे हेच योग्य, कारण झोप कधी लागावी हे आपल्या हातात नसते, परंतु गजर झाल्यावर उठून खिडकी उघडणे हे असते. पहिल्या आठवड्याच्या नोंदी अशा होत्या: ७:१०, ७:३०, ६:५०, ९:०५, ७:२०, ७:४०, ८:३०. सातांपैकी पाच दिवस वेळेत. तिला मात्र ते दोन चुकलेले दिवसच डाचत होते. शेजारच्या रकान्यात पाहिल्यावर कळले की, त्या दोन्ही दिवसांच्या आदल्या रात्री ती अंथरुणात पडून दीड वाजेपर्यंत जुने संदेश वाचत बसली होती. दोष इच्छाशक्तीचा नव्हता, उशाशी असलेल्या फोनचा होता, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. झोप येत नसेल तर पंधरा-वीस मिनिटांनी उठून मंद उजेडात दुसरीकडे बसावे आणि झोप दाटून आली की परतावे, हा निद्रानाशाच्या उपचारातील जुना नियमही तिने पाळायला घेतला.

स्वतःवरचा विश्वास ढळण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते क्वचितच लक्षात घेतले जाते. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, बराच काळ एकत्र राहणारी माणसे लक्षात ठेवण्याचे कामही वाटून घेतात. विम्याची तारीख एकाने लक्षात ठेवायची, मुलीच्या लसी दुसऱ्याने, आणि दुसऱ्याला ठाऊक आहे एवढे ठाऊक असले की पुरते. वेगळे झाल्यावर स्मृतीचा तो अर्धा भाग जातो. वर उल्लेखलेल्या बाईचा विम्याचा हप्ता चुकला, तेव्हा ‘मला एकटीला काही जमणार नाही’ असा निष्कर्ष तिने तत्काळ काढला. खरे तर ती माहिती तिच्या डोक्यात कधी नव्हतीच. तिने जोडीदाराकडे असलेल्या अशा कामांची यादी केली, ती अकरा निघाली, आणि दर आठवड्याला एक काम ती शिकत गेली. प्रत्येक निर्णयापुढे तिने ‘काय ठरवले, का ठरवले, कधी तपासणार’ असे तीन प्रश्न लिहून त्यांची उत्तरे नोंदवली. आपल्या क्षमतेची खात्री कुणाच्या धीर देण्यापेक्षा स्वतः पार पाडलेल्या कामांतून अधिक पक्की होते, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच मांडले होते. तिच्या वहीत तो पुरावा तारखांसह साठत होता.

या उपायांना मर्यादा आहेत. विभक्त झालेल्यांच्या एका अभ्यासात सुरुवातीच्या झोपेच्या तक्रारी फारशा चिंताजनक ठरल्या नाहीत, परंतु सुमारे दहा आठवड्यांपलीकडे टिकलेल्या तक्रारींनंतर रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणून अडीच-तीन महिन्यांनीही झोप सावरत नसेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. जगणे नको, असा विचार मनात येत असेल, तर एक दिवसही थांबू नये. आणि नात्यात मारहाण झाली असेल, तर रात्रीची जाग ही धास्तीची असू शकते, तेव्हा आधी सुरक्षितता पाहावी लागते, तक्ता नंतर.

बाराव्या आठवड्यातील एका मंगळवारी तिच्या वहीत ८:१० अशी नोंद आहे आणि पुढे ‘मुलीला ताप, रात्रभर जाग’ एवढेच शब्द आहेत. स्वतःला लावलेला बोल त्या ओळीत कुठेही नाही, आणि बुधवारची नोंद ७:०५ अशी आहे.