अल्पभूधारक दाखला काढताय? आधी आठ-अ ची बेरीज करा

परवा चोपड्याकडचा एक भाऊ सेतू केंद्रावर भेटला, म्हणे "जिल्ह्यात शेतकऱ्यामागे सरासरी जमीनच एवढीशी आलीये, मग आपण सगळेच अल्पभूधारक ना". तसं नसतं भाऊ. सरासरी म्हणजे एकूण क्षेत्र भागिले एकूण खातेदार, बस. गावात नऊ जणांकडे 0.80 हेक्टर आणि एकाकडे 12 हेक्टर असेल तर सरासरी येते 1.92, आणि तेवढी जमीन प्रत्यक्षात कोणाकडेच नाही.

दाखल्याला लागतं ते तुमच्या स्वतःच्या नावावरचं क्षेत्र. 1 हेक्टरच्या आत म्हणजे अत्यल्प, कृषी गणनेत त्यालाच सीमांत म्हणतात, आणि 1 ते 2 म्हणजे अल्प. त्याच्या वर गणनेत 2 ते 4 निम-मध्यम, 4 ते 10 मध्यम आणि 10 च्या पुढे मोठे, पण दाखल्यासाठी 2 च्या वर गेलात की विषय संपला. एकरात धरलं तर अडीच आणि पाच, अंदाजे.

त्या भावाचा घोळ असा झाला की त्याने एकाच गावाचा आठ-अ लावला, त्यात 0.78. शेजारच्या गावात आईकडून आलेलं 0.55 होतं ते तो विसरूनच गेलेला, तलाठी भाऊसाहेबांना मात्र दिसलं, आणि अर्ज परत आला. बेरीज 1.33, म्हणजे तो अत्यल्प नाही, अल्प. गंमत म्हणजे तो अजून 1.60 हेक्टर कापूस बटाईने करतो, ते धरलं तर 2.93. गणनेत मालकी कोणाची ते बघत नाहीत, कसतो कोण ते बघतात, म्हणून तिथे तो निम-मध्यम. पण बटाई बहुतेक तोंडीच असते, कागदावर नोंद नाही, म्हणून बऱ्याचदा गणनेतही ती दिसत नाही. दाखल्यात तर ती धरायचीच नाही.

कागद फार नाहीत, जिथे जिथे जमीन आहे त्या सगळ्या गावांचे आठ-अ आणि सातबारे, ताजे, डिजिटल सहीचे, मग आधार, रेशनकार्ड, फोटो आणि स्वयंघोषणापत्र. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून, तलाठ्याचा अहवाल लागला तर तो घ्यायचा आणि दाखला तहसीलमधून मिळतो.

सगळ्यात जास्त अडकतं ते सामाईक खात्यात. तिघा भावांचं मिळून 2.40 असेल तर आठ-अ वर पूर्ण 2.40 दिसतं, बघणारा म्हणतो हा बसत नाही, पण वाट्याला 0.80 च येतं. सातबाऱ्यावर हिस्सा लिहिलेला नसेल तर अर्ज टाकायच्या आधीच तलाठ्याकडे जाऊन अहवालात तुमचा वाटा वेगळा दाखवायला सांगा.