डबल बेस: मध्यमाची जुळणी आणि सप्तकभर वर लिहिलेले स्वर

गोव्यात चर्चच्या कोराला वाद्यवृंदाची साथ द्यायची असली, तर व्हायोलिन वाजवणारे सहसा मिळतात. डबल बेसवाला मात्र दरवेळी मिळतोच असे नाही. अशा वेळी त्याचा कागद कीबोर्डवाल्यापुढे ठेवला जातो आणि तो लिहिले आहे तसेच वाजवतो. समजा, शेवटच्या जी मेजर कॉर्डमध्ये बेसच्या कागदावर पाच रेघांच्या सर्वांत वरच्या घरात जी लिहिलेला आहे आणि चेलोच्या कागदावर मधल्या रेघेवर डी आहे. कीबोर्डवर तो जी १९६ हर्ट्झचा वाजतो, चेलोचा डी सुमारे १४७ हर्ट्झचा असतो, म्हणजे सर्वांत खालचा स्वर डी ठरतो. कॉर्ड आपल्या षड्जावर न बसता पंचमावर टेकते आणि समारोप झाल्यासारखा वाटत नाही. डबल बेसवर तोच लिखित जी ९८ हर्ट्झचा वाजतो, चेलोच्या खाली जातो आणि कॉर्ड जागेवर येते. चूक वादकाचीही नाही आणि लेखनिकाचीही नाही; डबल बेसचे स्वर जेथे वाजतात त्याच्या एक सप्तक वर लिहिण्याचा संकेत जुना आहे.

त्याचे मूळ काटकसरीत आहे. अठराव्या शतकातील बहुतेक युरोपीय वाद्यवृंदांत चेलो आणि डबल बेस यांच्यासाठी एकच ओळ लिहिली जाई आणि चर्चच्या संगीतात ऑर्गनवादकही बहुधा तीच ओळ वाचत असे. चेलो ती लिहिल्याप्रमाणे वाजवी. डबल बेसची तार बरीच लांब आणि जाड असल्यामुळे त्याच खुणांवरून त्याचा आवाज सप्तकभर खाली निघे. रचनाकाराला एका ओळीच्या श्रमात दोन सप्तकांचा पाया मिळत असे. पुढे बीथोव्हनच्या काळात दोन्ही वाद्ये अधिकाधिक स्वतंत्र होत गेली, तरी पाचव्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागात ट्रिओची सुरुवात चेलो आणि बेस मिळूनच करतात. ओळी वेगळ्या झाल्यावर बेसचे स्वर खऱ्या जागी लिहिता आले असते. पण तोवर वाचणाऱ्याची सवय पक्की झाली होती आणि ती मोडण्यात डोळ्यांचा तोटाच होता. बेसची सर्वांत खालची मोकळी तार, म्हणजे ४१ हर्ट्झची ई, खऱ्या जागी लिहायची तर पाच रेघांच्या खाली चार जादा आखूड रेघा ओढून त्यांच्याही खाली स्वर लटकवावा लागतो. सप्तकभर वर लिहिला, की एकच आखूड रेघ पुरते. मंद दिव्याखाली उभ्याने वाचणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

तारांच्या जुळणीमागेही असेच व्यवहारी कारण आहे. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्या लगतच्या तारांत षड्ज-पंचमाचे अंतर असते. डबल बेसच्या ई, ए, डी, जी या तारांत मात्र षड्ज-मध्यमाचे अंतर आहे, म्हणजे पाच अर्धस्वरांचे. डबल बेसच्या पूर्वजांत व्हायोल घराण्यातील मोठी वाद्ये येतात आणि त्या घराण्याची जुळणी मुख्यतः मध्यमाची, मधे एका ठिकाणी गांधाराची असे. तरीही केवळ वारशामुळे ही रीत टिकली असे मला वाटत नाही, कारण वाद्याच्या आकारात पुढे पुष्कळ फेरफार झाले. ती टिकली हाताच्या पंजामुळे.

डबल बेसची वाजणारी तार साधारण १०६ सेंटिमीटर असते. तिच्या वरच्या टोकाजवळ एका पूर्ण स्वरासाठी सुमारे ११ सेंटिमीटर अंतर लागते. व्हायोलिनवर तेच साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणून तारेच्या या भागात पहिल्या आणि चौथ्या बोटांमध्ये एवढा एकच पूर्ण स्वर बसतो, मधला अर्धस्वर दुसरे बोट घेते आणि तिसरे बोट चौथ्याला आधार देते. फ्रान्झ सिमांडल यांनी एकोणिसाव्या शतकात ज्या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले आणि जी आजही शिकवली जाते, तिचा पाया हाच आहे. हात एका जागी असताना एका तारेवर मोकळा स्वर आणि तीन बोटांचे स्वर, एवढेच मिळतात.

आता जी मेजरचे एक सप्तक पहिल्या पोझिशनमध्ये वाजवून पाहावे. ई तारेवर दुसऱ्या बोटाने जी मिळतो, मग ए तार मोकळी, तिच्यावर पहिल्या बोटाने बी आणि दुसऱ्याने सी. पुढे डी तार मोकळी, तिच्यावर पहिल्या बोटाने ई, चौथ्याने एफ शार्प, आणि शेवटी जी तार मोकळी. हात तसूभरही सरकत नाही. हेच सप्तक चेलोप्रमाणे सी, जी, डी, ए अशा पंचमाच्या जुळणीवर वाजवले, तर मोकळ्या जी तारेवर ए आणि बी मिळतात, पण सी पाचव्या अर्धस्वरावर असल्यामुळे पंजाच्या बाहेर जातो. तेथे हात सरकवावा लागतो आणि डी तारेवरून वरच्या जीपर्यंत पोचताना पुन्हा तेच होते. पंचमाची जुळणी काही वादक आजही आवडीने वापरतात, कारण तिच्यात वाद्य खालच्या सीपर्यंत जाते. मात्र हाताची धावपळ त्यांना मान्य करावी लागते.

मध्यमाची जुळणी एका दमात सर्वत्र रुळली असे नाही. अठराव्या शतकातील व्हिएन्नात पाच तारांचे, पडदे बांधलेले वाद्य एफ, ए, डी, एफ शार्प, ए असे जुळवत. इटलीत आणि इंग्लंडमध्ये तीन तारांचा बेस दीर्घकाळ चालला. एकोणिसाव्या शतकातील विख्यात वादक जिओव्हानी बोत्तेसिनी तीनच तारांवर वाजवीत. आतड्याची तार खालच्या ई स्वरासाठी पुरेशी जाड केली, तर ती गजाला चटकन दाद देत नाही आणि आवाज भोंगळ येतो, त्यामुळे तीन तारांचा स्वच्छ नाद अनेकांना अधिक पसंत होता. धातूचे वेष्टन असलेल्या तारा सुधारत गेल्या तशी ही अडचण कमी झाली आणि चार तारांची जुळणी स्थिरावली.

जुळवतानाही सप्तकाचा प्रश्न समोर येतोच. इतक्या खालच्या स्वरांत कानाला बारीक फरक कळत नाही, म्हणून वादक हार्मोनिकचा आधार घेतो. ए तारेला वरच्या टोकापासून एक चतुर्थांश अंतरावर आणि डी तारेला एक तृतीयांश अंतरावर बोट न दाबता नुसते टेकवले, की दोन्हींतून २२० हर्ट्झच्या आसपासचा एकच ए निघायला हवा. डी तार ७३.४ ऐवजी ७२.५ हर्ट्झवर उतरलेली असेल, तर तिचा हार्मोनिक २१७.५ येतो आणि दोन्ही आवाज एकत्र केल्यावर सेकंदाला सुमारे अडीच हेलकावे ऐकू येतात. खुंटी फिरवत ते थांबेपर्यंत जावे. गोव्याच्या पावसाळ्यात ही तपासणी वारंवार करावी लागते. दमट हवेने लाकूड फुगते, वरची फळी आणि तिच्यावरची घोडी किंचित उचलली जाते आणि तारा हाताला उंच लागू लागतात.

एका ओळीच्या जुन्या संसाराची एक अडचण मात्र अजून शिल्लक आहे. चेलो खालच्या सीपर्यंत जातो, पण चार तारांच्या बेसला लिखित ईच्या खाली उतरता येत नाही. दोघांच्या समाईक ओळीत लिखित डी किंवा सी आला, की बेसवाला तो सप्तकभर वर घेतो आणि नेमक्या त्या क्षणी चेलोच्याच स्वरावर येऊन बसतो. तळातला आवाज एकाएकी नाहीसा होतो. हे टाळण्यासाठी काही वाद्यांची ई तार वर डोक्यापर्यंत लांबवून सीपर्यंत नेलेली असते, तर काहींना बी स्वराची पाचवी तार लावतात. ज्याच्याकडे यांपैकी काही नाही, त्याने उडी नेमकी कोणत्या स्वरावर घ्यायची हे तालमीपूर्वीच पेन्सिलने कागदावर लिहून ठेवावे.